म्हणीतला दुसरा अर्थ: तो बसतो कुठे आणि निसटतो कुठे

«मी निफाड तालुक्यात कांदा करतो. आमच्या शेतकरी गटाच्या मेळाव्यासाठी फलकावर म्हणीसारखी एक ओळ हवी आहे. मी लिहिले: ‘कांदा ठेवला लाखासाठी, हाती आले मोड’. मोड म्हणजे कोंब आणि मोड म्हणजे सुटे पैसे, असे दोन्ही अर्थ मला हवे होते. पण कोणी हसले नाही, मला समजावून सांगावे लागले. जुन्या म्हणींत हे सहज जमते आणि माझ्याकडून ओढूनताणून होते, ते का?»

तुमचा शब्द उत्तम आहे, कल्पनाही चांगली आहे. ओळ अडली आहे ती ‘आले’ या शब्दावर. कोंब या अर्थाचा मोड पुल्लिंगी आहे, म्हणून आपण ‘मोड आले’ म्हणतो. सुट्या पैशांची मोड मात्र स्त्रीलिंगी आहे: पाचशेची मोड, मोड मिळाली, मोड संपली. तुम्ही ‘आले’ लिहिताच ऐकणाऱ्याच्या मनात फक्त कोंब उगवले आणि पैशांचा अर्थ दाराबाहेरच राहिला. तुम्हाला तो नंतर हाताला धरून आत आणावा लागला, आणि त्यालाच लोक ओढूनताणून म्हणतात.

मी नाशिकमध्ये पंचवटीत राहतो आणि गेली बावीस वर्षे दुकानांच्या पाट्या, जाहिरातींचा मजकूर आणि समारंभांच्या दोन-दोन ओळी लिहिण्याचे काम करतो. या काळात कोट्या जितक्या जमल्या त्याच्या कितीतरी पट फसल्या, आणि फसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक तुमच्यासारख्याच कारणाने, म्हणजे क्रियापदाने किंवा षष्ठीच्या प्रत्ययाने लिंग उघडे पाडल्यामुळे फसल्या, असा माझा अनुभव आहे. म्हणून या एकाच मुद्द्यावर थोडे सावकाश लिहितो आणि शेवटी तुमचीच ओळ घेऊन ती टप्प्याटप्प्याने दुरुस्त करून दाखवतो.

त्याआधी जुन्या म्हणींविषयीचा एक समज बाजूला करायला हवा. आपल्या बहुतेक म्हणींत शब्दावरची कोटी नसतेच. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ या म्हणीत यमक आहे, चित्र आहे, पण कळशाचे दोन अर्थ नाहीत. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण विहिरीविषयी बोलते आणि लागू होते माणसाला; तिथे दुहेरीपणा प्रसंगात आहे, शब्दात नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ या म्हणीने तर या पद्धतीचेच वर्णन करून ठेवले आहे, बोलायचे एकीला आणि लागायचे दुसरीला. ज्यांत एकच शब्द खरोखर दोन्हीकडे चालतो अशा म्हणी मोजक्या आहेत, आणि त्या मोजक्यांकडे नीट पाहिले तर त्यांचे गुपित कळते.

माझी सर्वांत आवडती म्हण ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही आहे. अनेक वर्षे मी ती नुसतीच वापरत होतो. मग एकदा अंगणात काथ्याच्या दोरीचा वीतभर तुकडा फरशीवर ठेवून पेटवला आणि तो पूर्ण विझेपर्यंत हात न लावता बघत बसलो. दोरी गेली, करडी राख उरली; पण त्या राखेत प्रत्येक पेड आणि प्रत्येक वळसा जसाच्या तसा दिसत होता, जणू राखेचीच दोरी वळली आहे. बोट लावताच ती मोडून पडली. म्हणजे ही म्हण आधी दोरीविषयी शब्दशः खरी आहे, आणि मग माणसाविषयी खरी आहे. मिशीला पीळ देणारा, वाडा गेला तरी ताठा न सोडणारा माणूस आपण पाहिलेला असतो, आणि त्याच्या ताठ्यालाही आपण पीळच म्हणतो. दोन्ही वाक्ये पूर्ण आहेत, दोन्ही खरी आहेत, आणि दोन्हींत ‘पीळ’ पुल्लिंगीच आहे, कारण मुळात तो एकच शब्द आहे. दोरीच्या पिळावरूनच स्वभावाचा पीळ आला.

‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हणही याच जातीची आहे. ज्योतिष्यासमोर तळहात धरायचा आणि त्याने त्यात वाईट चिन्ह काढायचे, हा एक प्रसंग. आणि कोणी विचारले नसताना आपली करणी लोकांपुढे आणून नाचक्की ओढवून घ्यायची, हा दुसरा. लक्षण हा शब्द हस्तसामुद्रिकातही चालतो आणि वागणुकीविषयीही चालतो. ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ या म्हणीचा उलगडा जनावराच्या शिंगांवरून केला जातो: शिंगे कानांनंतर येतात आणि कानांपेक्षा टोकदार होतात. आज आपल्याला तिखट म्हटले की मिरची आठवते, पण ‘तिखट कानांचा’ असे आपण अजूनही म्हणतोच, आणि त्यात मिरची नसते, तीक्ष्णपणा असतो. इथेही दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झालेले नाहीत. एकाच शब्दाने आपला पसारा वाढवलेला आहे.

यावरून मी माझ्यापुरता एक ठोकताळा बांधला आहे. द्व्यर्थी शब्द दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात एकाच मुळाला दोन फांद्या फुटलेल्या असतात: पीळ, तिखट, लक्षण, भाव, घाट. भाव म्हणजे बाजारातला दर, मनातली भावना आणि देवावरची श्रद्धा. तिन्ही पुल्लिंगी, आणि ‘भावाला’, ‘भावाने’, ‘भावात’ ही रूपेही तिन्ही अर्थांना सारखीच. घाट नदीचा आणि डोंगरातला; तेही दोन्ही पुल्लिंगी. असे शब्द कुठेही ठेवा, ते दोन्ही अर्थांसह उभे राहतात, आणि म्हणूनच ते फार वापरले जाऊन गुळगुळीत झाले आहेत. दुसऱ्या प्रकारात दोन शब्द फक्त दिसायला आणि ऐकायला सारखे असतात, पण व्याकरणात त्यांची घरे वेगळी असतात. मान म्हणजे गळा ती स्त्रीलिंगी, मान म्हणजे सन्मान तो पुल्लिंगी. माळ फुलांची ती, माळ उजाड तो. वीट भाजलेली ती, वीट म्हणजे कंटाळा तो. हे शब्द प्रथमेत जुळे भाऊ वाटतात आणि प्रत्यय लागला की लगेच वेगळे होतात: मानेला आणि मानाला, माळेवर आणि माळावर, विटेचा आणि विटाचा. तुमचा ‘मोड’ या दुसऱ्या प्रकारातला आहे. तो वापरू नये असे नाही. उलट असा शब्द ताजा असतो. मात्र त्याला बसवताना आजूबाजूचे सगळे वाक्य सांभाळावे लागते.

याची किंमत मी स्वतः मोजली आहे. काही वर्षांपूर्वी गाद्या-उशा विकणाऱ्या एका दुकानदाराला मी तीन शब्दांची पाटी लिहून दिली होती: ‘इथे मान ठेवतात’. उशीवर मान ठेवतात आणि गिऱ्हाइकाचा मान ठेवतात, दोन्ही. ‘ठेवतात’ या रूपात मान स्त्रीलिंगी की पुल्लिंगी हे कुठेच दिसत नाही, हीच त्या ओळीची खुबी होती. मालकांना ती फार आखूड वाटली. त्यांनी रंगाऱ्याला परस्पर सांगून ‘इथे तुमची मान आदराने ठेवली जाते’ अशी सुधारणा करून घेतली. ‘तुमची’ने सन्मान हाकलला, ‘ठेवली जाते’ने उरलासुरला संशय मिटवला, आणि ‘आदराने’मुळे ती पाटी उशीच्या दुकानाची न राहता खाटकाच्या ओट्याची वाटू लागली. पंधरा दिवसांत ती उतरली. मूळ ओळ तिथे पुन्हा चढली नाही, याचे मला अजून थोडे वाईट वाटते.

मराठीत तीन लिंगे आहेत, विशेषण बदलते, भूतकाळी क्रियापद बदलते, षष्ठीचा प्रत्यय बदलतो. मग लिंग लपवायचे तरी कुठे, असा प्रश्न पडेल. जागा आहेत, आणि त्या म्हणींनीच आपल्याला दाखवून ठेवल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे जुन्या वळणाचे क्रियापद. ‘बळी तो कान पिळी’, ‘तळे राखी तो पाणी चाखी’, ‘देव तारी त्याला कोण मारी’. पिळी, राखी, चाखी, तारी, बोले, लागे ही एकवचनी रूपे तो, ती आणि ते या तिघांनाही एकच असतात. रोजच्या बोलण्यात आपण ती सोडून दिली, तरी म्हणीत ऐकली की कानाला मुळीच खटकत नाहीत, उलट ओळीला म्हणीचा घाट येतो. भविष्यकाळही असाच सोयीचा आहे, ‘मिळेल’ म्हटल्यावर काय मिळेल त्याचे लिंग कळत नाही. ‘नाही’ आणि ‘नको’ हे तर कायमचे तटस्थ. ‘कर नाही त्याला डर कशाला’ या म्हणीतला कर म्हणजे केलेले कृत्य. पण घरपट्टीची नोटीस हातात असलेल्या माणसासमोर ती म्हणून पाहा, त्याला सरळ महापालिकेचा करच ऐकू येतो. म्हण करणाऱ्याने ती कोटी केलेली नव्हती, पण ‘नाही’ने दार उघडे ठेवले होते म्हणून काळाच्या ओघात दुसरा अर्थ आत येऊन बसला.

दुसरी जागा म्हणजे क्रियापदच न वापरणे. ‘अति तेथे माती’, ‘खाईन तर तुपाशी नाही तर उपाशी’ यांचा उत्तरार्ध, ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’: मराठी म्हणीला क्रियापदावाचून चालते आणि ऐकणारा ते मनातल्या मनात भरून घेतो. कोटीसाठी ही फार मोठी सवलत आहे, कारण ऐकणारा एका अर्थासाठी ‘आले’ भरतो आणि दुसऱ्या अर्थासाठी ‘आली’ भरतो. आपण दोन्हींपैकी काहीच लिहिलेले नसते.

तिसरी जागा म्हणजे शब्दाला वाक्यात कर्म करणे आणि क्रियापद कर्त्याकडे बांधून ठेवणे, जसे ‘मान ठेवतात’मध्ये झाले. भूतकाळात मात्र हे चालणार नाही, कारण ‘मान ठेवली’ आणि ‘मान ठेवला’ असे क्रियापद लगेच कर्माच्या मागे जाते.

आता कानाविषयी थोडे. तुमची ओळ फलकावर जाणार आहे, पण गावात ती फिरेल तोंडातून, म्हणून डोळा आणि कान दोघांनाही ती पटली पाहिजे. कागदावर सारखे दिसणारे काही शब्द उच्चारात वेगळे असतात. ‘चार जनावरे चार’ असे लिहिले की कोटी वाटते, पण आकडा असलेला चार आणि चारा घालण्याचा चार मोठ्याने म्हणा. पहिल्यातला च तालव्य आहे, दुसऱ्यातला दंत्य, आणि कानाला ते दोन निरनिराळे शब्द आहेत. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण यांचेही तसेच. उलट बाजूने, शब्द तोडून केलेले श्लेष कानाला छान लागतात पण लिहिताना अडचण होते. शाळेत आपण सगळ्यांनी वाचलेले ‘श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी न वरी’ हे उदाहरण आठवा. ‘न’ आणि ‘वरी’ यांच्यात जागा सोडावी लागली आणि गुपित फुटले. कवितेत ते चालते, कारण तिथे वाचकाला थांबायला वेळ असतो. रस्त्याच्या फलकावर मी सभंग श्लेष करतच नाही. सुदैवाने ‘मोड’ दोन्ही अर्थांनी सारखाच लिहिला जातो आणि सारखाच बोलला जातो, त्यामुळे तुमच्या ओळीला हा त्रास नाही.

फक्त दोन अर्थ असले की भागत नाही, हेही सांगायला हवे. ‘बळी’ या शब्दात बलवान आहे, बळी जाणारा आहे, आणि बळीराजा म्हटले की शेतकरीही आहे. तरीही ‘बळी तो कान पिळी’ ही कोटी नव्हे, कारण बळी जाणारा कुणाचा कान पिळतो असे वाक्य होत नाही. दुसरा अर्थ उपलब्ध आहे, पण त्याचे वाक्य अर्धवट राहते. माझी कसोटी अगदी साधी आहे: ओळीतून एक अर्थ पूर्णपणे विसरून जा आणि उरलेले वाक्य त्या विषयाचा माणूस सहज बोलेल का ते पाहा, मग दुसरा विसरून तेच करा. दोन्ही वेळा होकार आला तर पुढे जायचे. एकदा जरी ‘असे कोणी म्हणत नाही, पण अर्थ लागतो’ असे उत्तर आले, तर ती ओळ ओढलेली आहे.

तुमच्या ओळीवर आता ही कसोटी लावू. ‘कांदा ठेवला लाखासाठी, हाती आले मोड’. कांद्याचा अर्थ घेतला तर वाक्य ठीक आहे: उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये साठवणीच्या चाळीत भरला, भाव वाढेल म्हणून पावसाळाभर थांबलो, आणि चाळ फोडली तेव्हा मोड आलेला माल निघाला. पैशांचा अर्थ घेतला तर दोन ठिकाणी अडते. एक ‘आले’, ते झाले. दुसरे ‘लाख’. लाखाच्या उलट बाजूला आपण मोड ठेवत नाही. मोड ही नोटेच्या उलट बाजूला असते, कारण नोट मोडून मिळते ती मोड. ‘लाखासाठी’ ऐकल्यावर मनात रक्कम येते, नोट येत नाही, आणि म्हणून पुढच्या ‘मोड’कडे पैशांच्या वाटेने जायला पाऊलच उरत नाही. कोटीचा शब्द शेवटी येतो, पण त्याची तयारी पूर्वार्धात आधीच व्हावी लागते, आणि ती तयारी करणारा शब्द असा हवा की त्याच्याकडे पाहून कोणाला संशय येऊ नये.

म्हणून पहिला बदल: लाखाच्या जागी नोट. ‘कांदा ठेवला नोटेसाठी, हाती आले मोड’. अजून ‘आले’ आहेच. ते जुन्या वळणात घालू: ‘नोटेसाठी थांबे, त्याच्या हाती मोड येई’. आता ‘येई’ दोन्ही लिंगांना चालते, आणि मोडाला ‘येणे’ हेच क्रियापद लागते हा आयता फायदाही मिळतो. व्याकरण सुटले, पण ओळ लांबली आणि ‘त्याच्या’ने तिचा ताल मोडला. इथे मला यमकाचा मोह झाला आणि मी ‘नोटेसाठी साठवी, त्याला मोड आठवी’ असे काहीतरी लिहून पाहिले. ते तुम्हाला मुद्दाम दाखवतो, कारण ओढाताण कशी दिसते ते यात स्वच्छ दिसते: ‘आठवी’ हा शब्द केवळ ‘साठवी’शी जुळतो म्हणून आला आहे, कोणालाही मोड आठवत नसते, आणि कोंब तर नाहीच नाही. यमक जुळल्याच्या आनंदात असे शब्द आत शिरतात. ते ओळखण्यासाठी मी जुळवलेला शब्द काढून तिथे साधा शब्द घालतो. वाक्याचे काही बिघडले नाही, उलट ते सुधारले, तर जुळवलेला शब्द उपरा होता असे समजतो.

मग मी उलट बाजूने निघालो. शेवट ‘मोड’ने व्हायचा हे पक्के आहे, तर पूर्वार्धाच्या शेवटी ‘मोड’शी जुळणारा असा शब्द हवा की जो त्या ठिकाणी यमक नसतानाही आला असता. थांबण्यामागे काय असते? ओढ. भावाची ओढ, नोटेची ओढ. क्रियापद टाकून दिले आणि ओळ अशी झाली:

नोटेची ओढ, पदरी मोड.

कांद्याचा अर्थ घ्या: मोठ्या पैशाच्या ओढीने माल धरून ठेवला आणि पदरी मोड आलेला कांदा पडला. पैशांचा अर्थ घ्या: नोट हवी होती आणि पदरी सुटे पडले. ‘पदरी’ला दोन्ही चालतात, कारण पदरी नशीबही पडते, मालही पडतो आणि पैसाही पडतो. लिंग दाखवणारी एकच जागा उरली आहे, ‘नोटेची’, आणि तिथला ‘ची’ ओढीपुरताच आहे. ढ आणि ड यांचे यमक पुस्तकी दृष्टीने कच्चे आहे हे मान्य, पण आपल्याकडे शब्दाच्या शेवटचा ढ बोलताना बराचसा ड होतो, त्यामुळे मेळाव्यात कोणाच्या कानाला ते टोचणार नाही. शिवाय ओळीत ‘कांदा’ हा शब्दच नाही, आणि हे मला बरे वाटते. फलकावर कांद्याचे किंवा चाळीचे चित्र असेल तर तो अर्थ चित्रच देईल; शब्दांनी मग पैशांकडे झुकायला हरकत नाही. चित्र आणि शब्द दोघेही एकच अर्थ सांगू लागले की दुसरा अर्थ गुदमरतो.

काही गोष्टी मात्र तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मी पंचवटीत बसून ठरवू शकत नाही. पहिली, शब्द जिवंत आहे का. माझ्या पिढीतली माणसे ‘दोनशेची मोड आहे का’ असे सहज विचारतात; तरुण मुले ‘सुट्टे’ किंवा ‘चिल्लर’ म्हणतात, आणि मोबाइलवरून पैसे देणाऱ्यांना दोन्हींची गरज पडत नाही. त्याचप्रमाणे काही गावांत कांद्याला मोड येत नाहीत, कोंब फुटतात. कोटी चालण्यासाठी दोन्ही अर्थ ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडात असावे लागतात. नुसते माहीत असून उपयोग नाही. मी अशा वेळी रविवार कारंजाजवळच्या चहाच्या टपरीवर उभा राहून ओळ न सांगता फक्त शब्द विचारतो: ‘मोड म्हटले की काय आठवते?’ दहा जणांत तीन-चार जणांनी न विचारता दोन्ही अर्थ सांगितले तर पुरे. सगळ्यांनी मटकी सांगितली तर शब्द बदलावा लागतो.

दुसरी गोष्ट, ओळ कोण कोणाला म्हणतो आहे. शेतकऱ्यांच्या मेळाव्यात शेतकऱ्यानेच स्वतःविषयी म्हटलेली ‘नोटेची ओढ, पदरी मोड’ ही कडू-गोड कबुली आहे, आणि तिच्यावर सगळे हसतील, कारण प्रत्येकाने एकदा तरी चाळ उशिरा फोडलेली असते. हीच ओळ बाजार समितीच्या आवारात एखाद्या व्यापाऱ्याच्या गाळ्यावर लागली तर तो टोमणा होईल, आणि लिलावाच्या दिवशी भांडणही होईल. शब्द तेच, पण बोलणारा बदलला की म्हण बदलते. फलकावर गटाचे नाव ठळक ठेवा, म्हणजे बोलणारा कोण ते कळेल.

तिसरी गोष्ट झिजेची. नाशिकवाल्याला नाकावरची कोटी सांगू नये, कारण लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नासिक ही कथा इथल्या प्रत्येकाला पाठ आहे आणि शहराची काही नामुष्की झाली की ‘नाशिकचे नाक कापले’ हा मथळा हमखास येतो. त्या कोटीत खोट काहीच नाही, दोन्ही अर्थ पक्के बसतात. ती फक्त संपली आहे. कांद्याच्या बाबतीत ‘कांद्याने रडवले’ आणि ‘कांद्याचा वांधा’ यांची तीच गत आहे. तुम्ही त्या वाटेला गेला नाहीत हे मला तुमच्या ओळीत सर्वांत आधी आवडले.

रंगाऱ्याला एक सूचना नक्की द्या. ‘मोड’भोवती अवतरणचिन्हे घालू नयेत आणि तो शब्द वेगळ्या रंगातही रंगवू नये. आपल्याकडे कोटी आली की तिला अवतरणात ठेवण्याची फार सवय आहे. मी त्याला माफीनामा म्हणतो; लिहिणाऱ्याला स्वतःलाच खात्री नसते म्हणून तो आधीच कोपराने ढोसतो. वाचणारा क्षणभर सरळ अर्थाने पुढे गेला आणि मग दोन पावलांवर थांबून मागे वळला, तर ओळ लागली.

आणि जर टपरीवरच्या चौकशीत तुमच्या भागात कोंब म्हणणारेच जास्त निघाले, तर ‘मोड’ सोडून ‘घट’कडे पाहा. चाळीतल्या कांद्याच्या वजनात येते ती घट, आणि नवरात्रात बसतात ते घट. चाळी फोडण्याचे दिवसही साधारण त्याच सुमाराचे. वजनातली घट स्त्रीलिंगी आहे आणि देवीचा घट पुल्लिंगी, म्हणजे अडचण पुन्हा तीच, आणि ‘घट बसे’ असे जुन्या वळणाचे रूप ती सोडवू शकेल. फक्त वजनातल्या घटीला तुमच्याकडे ‘बसणे’ लावतात की नुसते ‘येणे’, हे आधी विचारून घ्या, आणि ते चाळ भरणाऱ्या-फोडणाऱ्या माणसाला विचारा. तो बोलता बोलता ‘यंदा दहा क्विंटलला दोन क्विंटल घट बसली’ असे आपणहून म्हणाला, तर मला इथेच कळवा. पुढची ओळ आपण दोघे मिळून जुळवू.